बाण सालीवर, बोटावर नाही: 94 सेकंदांच्या व्हिडिओचं फोनवरचं एडिटिंग

रत्नागिरी जिल्ह्यात माझ्या मामांची आंब्याच्या कलमांची छोटी रोपवाटिका आहे. पावसाळा लागला की कलमं बांधायला चार-सहा नवी माणसं येतात आणि दरवर्षी मामांना तेच तेच पहिल्यापासून शिकवावं लागतं. यंदा ते म्हणाले, "तू फोनवर एवढं काय काय करतोस, तर पाचर कलमाचा एक व्हिडिओ करून दे. दीड मिनिटाचा. पण साल कुठं जुळते ते दिसलं पाहिजे. ते नाय दिसलं तर बाकीचं दाखवून उपयोग नाय."

माझ्याकडे कॉम्प्युटर नाही. साडेसहा इंची स्क्रीनचा, मधल्या किमतीचा अँड्रॉइड फोन आहे. शूटिंग त्यावर, कापाकापी त्यावर, बाण आणि अक्षरंही त्यावरच. या 94 सेकंदांवर तीन संध्याकाळी गेल्या. त्यातली एक पूर्ण संध्याकाळ 4.2 सेकंदांच्या एकाच शॉटने खाल्ली. हे मुख्यतः त्या शॉटचं प्रकरण आहे, पण तिथे पोचण्याआधी जे नीट करावं लागलं तेही सांगतो, कारण तिथली ढिलाई पुढे बाणात दिसते.

ज्यांना पाचर कलम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कोयीपासून उगवलेल्या रोपाचा शेंडा छाटून त्या खुंटाला मधोमध उभी खाच देतात. हापूसच्या काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं करतात आणि ती पाचर खाचेत बसवतात. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध बसवून चालत नाही. एका बाजूला सरकवून काडीची साल आणि खुंटाची साल एका रेषेत आणावी लागते, कारण सालीखालचा हिरवट थर एकमेकांना भिडला तरच जोड धरतो. मग प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. मामांना दाखवायची होती ती ही सालीची रेष. ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, आणि शूट करताना हात सतत हलत असतो.

बोट किती जाड, फ्रेम किती बारीक

पहिल्या संध्याकाळी मी सगळे तुकडे टाइमलाइनवर टाकले आणि नेहमीसारखं क्लिपच्या टोकाला धरून ओढत कापायला लागलो. चाकू सालीला टेकतो त्या क्षणी कट हवा होता. टोक ओढून बरोबर जागी आणायचं, बोट उचलायचं, आणि बघावं तर कट दोन-तीन फ्रेम पुढे गेलेला. परत ओढायचं, परत तेच. अर्ध्या तासाने फूटपट्टी काढली.

स्क्रीनची रुंदी उभ्या फोनवर 68 मिलिमीटर. दीड मिनिटाची पूर्ण टाइमलाइन एका नजरेत ठेवली तर एका सेकंदाला पाऊण मिलिमीटर जागा मिळते. बोटाचं टोक काचेवर टेकतं तेव्हा साधारण 8 ते 10 मिलिमीटर जागा व्यापतं, म्हणजे माझ्या बोटाखाली दहा-बारा सेकंद झाकलेले होते. दोन बोटांनी ताणून टाइमलाइन इतकी मोठी केली की स्क्रीनवर दोनच सेकंद मावतील, तर एका सेकंदाला 34 मिलिमीटर मिळतात. व्हिडिओ सेकंदाला 30 फ्रेमचा, म्हणजे एक फ्रेम सव्वा मिलिमीटरहूनही थोडी कमी. इतकं मोठं करूनही बोटाखाली सात-आठ फ्रेम असतात आणि जिथे कापायचं तीच जागा बोटाने झाकलेली असते.

त्यात बोट उचलतानाची गंमत. फोन बोटाच्या पूर्ण ठशाचा मध्य धरून जागा ठरवतो. बोट उचलताना ठसा एका बाजूने आधी सुटतो, मध्य सरकतो आणि त्याबरोबर क्लिपचं टोकही सरकतं. तुमच्याकडे हे होतंय का ते ओळखणं सोपं आहे. टोक धरून हवी ती फ्रेम आणा, बोट काचेवर तसंच ठेवून वरचं चित्र नीट बघून घ्या आणि मग बोट उचला. चित्र बदललं तर चूक तुमच्या नजरेची नाही.

यावर उपाय एकच, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे: बोटाने जागा दाखवायची नाही, टाइमलाइनची पट्टी सरकवायची. बोट नेमकी जागा दाखवायला वाईट पण सरकवायला चांगलं असतं, एक मिलिमीटर हललं तरी आपल्याला कळतं. काइनमास्टर, व्हीएन किंवा तसल्या बहुतेक अ‍ॅपमध्ये टाइमलाइनच्या मध्यावर एक उभी रेघ स्थिर असते आणि पट्टी तिच्याखालून सरकते. मी क्लिपची टोकं धरणं बंद केलं. टाइमलाइन पूर्ण ताणायची, रेघेपासून लांब, पट्टीच्या रिकाम्या भागावर बोट ठेवून पट्टी सरकवायची, चाकू टेकण्याची फ्रेम रेघेखाली आली की बोट उचलायचं आणि स्प्लिट किंवा 'रेघेच्या डावीकडचं काढा' हे बटण दाबायचं. बटण दाबताना बोट कितीही जाड असलं तरी कट रेघेवरच होतो.

एक बारीक गोष्ट इथे सापडली. बोट टेकवून अगदी थोडंसं हलवलं तर पट्टी हलतच नाही आणि मग एकदम हलते. अँड्रॉइडमध्ये टेकलेलं बोट 'ओढतंय' असं धरण्याआधी साधारण सव्वा मिलिमीटरची हालचाल सोडून दिली जाते, नाहीतर साधं टॅपसुद्धा ओढणं ठरेल. माझ्या ताणलेल्या टाइमलाइनवर सव्वा मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक फ्रेम. त्यामुळे एका फ्रेमसाठी छोटा धक्का देण्यात अर्थ नाही. आधी बोट मुद्दाम सहा-सात फ्रेम पुढे न्यायचं आणि न उचलता हळूच मागे यायचं. एकदा ओढणं सुरू झालं की पट्टी बोटाबरोबर इमानाने चालते.

आणि थांबून बघायचं. फोनचा कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. साधारण सेकंदाला एक पूर्ण चित्र असतं आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं ते नोंदलेलं असतं. पट्टी थांबल्यावर अ‍ॅपला मागच्या पूर्ण चित्रापासून हिशोब करत इथवर यावं लागतं, म्हणून माझ्या फोनवर चित्र क्षणभर उशिरा येतं. घाईत स्प्लिट दाबलं की कट बरोबर जागी होतो, पण ती जागा आपण न बघितलेली असते. (त्या पूर्ण चित्रांनाही कीफ्रेमच म्हणतात. पुढे येणाऱ्या कीफ्रेमशी त्यांचा संबंध नाही. नावं ठेवणाऱ्यांना काय म्हणावं!)

चाकूचे दोन शॉट

मामांनी पाचर दोनदा तासली होती. एकदा मी लांबून घेतलं, दुसऱ्यांदा वेगळ्या काडीवर जवळून. पाहणाऱ्याला मात्र ती एकच काडी वाटायला हवी होती. लांबच्या शॉटमध्ये चाकू सालीला टेकून निम्म्यावर आला की कापायचं आणि जवळच्या शॉटमध्ये चाकू निम्म्यावर असतानाच आत शिरायचं, असं मी आधी केलं. कागदावर बरोबर, पण पडद्यावर चाकू उडी मारल्यासारखा दिसला. चित्र बदललं की चाकू नव्या चित्रात कुठे आहे हे शोधण्यात डोळ्याचे दोन-चार फ्रेम जातात आणि तेवढी हालचाल हरवते. म्हणून जवळचा शॉट तीन फ्रेम आधीपासून घेतला, म्हणजे चाकूची तेवढी वाट दोनदा दिसते. दोनदा दिसते हे कुणाच्याही लक्षात आलं नाही, उडी मात्र गेली. तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. टोक धरून ओढत बसलो असतो तर हा फरक करताच आला नसता.

मामांचा आवाज

आवाज दुसऱ्या फोनवर, मामांच्या शर्टाच्या खिशात घेतला होता. सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवली. सलग 6 मिनिटांच्या शॉटमध्ये पहिली टाळी जुळवली तर शेवटची 7 फ्रेम चुकली. हिरव्या जाळीखाली, पावसाळी उजेडात शूट केलं होतं आणि कॅमेऱ्याला फ्रेमची संख्या आपोआप कमी करायची मुभा देऊन ठेवली होती. अंधारलं की तो 30 ऐवजी कमी फ्रेम घेतो आणि मग अशा फाइलचं गणित एडिटिंगमध्ये सरकत जातं. चूक माझीच, सेटिंग आधी बंद करायला हवं होतं. पण दुरुस्ती अवघड नव्हती. व्हिडिओत वापरायचा कुठलाही तुकडा 12 सेकंदांपेक्षा मोठा नव्हता आणि 6 मिनिटांत 7 फ्रेम चूक म्हणजे 12 सेकंदांत पाव फ्रेमसुद्धा नाही. म्हणून पूर्ण आवाज जुळवायचा नाद सोडला. प्रत्येक तुकडा वेगळा कापला आणि त्या तुकड्यातल्या चाकूच्या 'टच्' आवाजावर बसवला.

बोलण्यातले 'म्हणजे काय', 'तर बघ' काढताना एक गोष्ट कळली, ती मराठीत एडिटिंग करणाऱ्यांच्या कामाची आहे. कट शब्दाच्या आधी करायचा तर तो शब्द क, प, त, ट अशा अक्षराने सुरू होणारा निवडावा. ही अक्षरं उच्चारताना तोंड आधी बंद होतं आणि दोनेक फ्रेम शांतता असते. आवाजाच्या आलेखात तिथे सपाट पट्टी दिसते. 'काडी', 'पाचर', 'पट्टी', 'टोक' हे सगळे शब्द त्या दृष्टीने सोन्यासारखे. याउलट 'आता ही', 'मग आपण' यांमध्ये आवाज कुठेच तुटत नाही. तिथे कापलं तर आधीच्या स्वराची शेपटी राहते किंवा टक् असा आवाज येतो. मामांचं "आता ही, म्हणजे काय, ही काडी पेन्सिलीएवढी जाड पायजे" हे वाक्य मी 'काडी'च्या क-च्या आधी कापलं आणि मागचं सगळं सोडून दिलं. 'आता ही' गेलं त्याचं कुणाला दुःख झालं नाही.

थर किती आणि कोणते

आता तो 4.2 सेकंदांचा शॉट. मामा पाचर खाचेत बसवतात, एका बाजूला सरकवतात, क्षणभर धरून ठेवतात आणि पट्टी घ्यायला हात वळवतात. 126 फ्रेम. यावर मला तीन गोष्टी हव्या होत्या: सालीच्या रेषेवर टोक असलेला बाण, 'सालीला साल' ही अक्षरं आणि कोपऱ्यात जोडाचं मोठं केलेलं गोल चित्र.

गोल चित्र म्हणजे तोच शॉट मुख्य चित्राच्या वर दुसऱ्या थरात घेऊन, छाटून, गोल करून ठेवायचा. पण तो खालच्या चित्राशी फ्रेमला फ्रेम जुळायला हवा. म्हणून आधी मूळ क्लिप दोन्हीकडून अंतिम लांबीला कापली आणि मगच तिची प्रत थरात टाकली. आधी प्रत आणि नंतर काप असं केलं असतं तर दोन्हीकडे तीच फ्रेम पुन्हा शोधावी लागली असती. दुसरा प्रश्न चित्राच्या स्वच्छपणाचा. 1080 रुंदीच्या उभ्या व्हिडिओत गोलाला 480 पिक्सेल दिले. जोडाचा भाग मूळ चित्रात 240 पिक्सेलचा असेल तर तो दुप्पट ताणला जाऊन लापशी होते. सुदैवाने हा शॉट 4के-मध्ये, म्हणजे 2160 रुंदीवर घेतला होता, त्यामुळे त्या भागात नेमके 480 पिक्सेल होते आणि साल स्वच्छ दिसली. किंमत अशी की एका वेळी दोन 4के व्हिडिओ चालवताना माझ्या फोनची दमछाक होते आणि चित्र अडखळतं. म्हणून गोल फक्त मामा जोड धरून ठेवतात त्या एका सेकंदापुरता ठेवला आणि बाणाचं काम चालू असताना तो थर डोळा मिटून, म्हणजे लपवून ठेवला.

अक्षरांना मी आधी एकेक अक्षर येण्याचा इफेक्ट दिला होता. 'सालीला' मधला स आला, मग काना वेगळा आला, ईकार तर ठिपक्यांच्या वर्तुळावर बसून आला. हे इफेक्ट रोमन अक्षरं मोजतात, आपली जोडलेली अक्षरं त्यांना कळत नाहीत. पूर्ण शब्द एकदम उजळत येणारा साधा इफेक्ट लावला आणि 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरला. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेच्या या फॉन्टमधल्या अक्षरांच्या पोकळ्या लहान स्क्रीनवरही भरून जात नाहीत.

अक्षरं बाणाबरोबर हलवायची नाहीत, हेही तेव्हाच ठरवलं. हलती अक्षरं वाचता येत नाहीत, शिवाय दोन थर हलवायचे म्हणजे काम दुप्पट. अक्षरं वर स्थिर, हलेल तो फक्त बाण.

बाणाची संध्याकाळ

कीफ्रेम म्हणजे 'या फ्रेमला हा थर इथे होता' अशी नोंद. दोन नोंदींच्या मध्ये थर कुठे असेल ते अ‍ॅप स्वतः सरळ रेषेत भरतं. मी पहिल्या खेपेला विचार केला, हात सतत हलतोय तर नोंदीही भरपूर हव्यात. दर 5 फ्रेमला थांबायचं, बाण बोटाने सालीवर आणायचा, पुढे. 26 कीफ्रेम झाल्या. चालवून बघितलं तर बाणाला हुडहुडी भरली होती.

पुन्हा फूटपट्टी. उभ्या फोनवर वरच्या भागात मला दिसणारं चित्र 45 मिलिमीटर रुंद होतं आणि त्यात 1080 पिक्सेल. म्हणजे एका मिलिमीटरला 24 पिक्सेल. माझं बोट अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, तेवढी चूक 12 पिक्सेलची. दर 5 फ्रेमला नोंद म्हणजे सेकंदात सहा वेळा बाण 12 पिक्सेल कधी डावीकडे, कधी उजवीकडे. ती थरथर मामांच्या हाताची नव्हती, माझ्या बोटाची होती. नोंदी वाढवल्या की थरथर वाढते, कारण प्रत्येक नोंद आपली चूक घेऊन येते.

26 पुसल्या. मग शॉट बाण न बघता फक्त हातासाठी चार वेळा पाहिला आणि हालचालीची दिशा कुठे बदलते ते कागदावर लिहिलं. शून्याव्या फ्रेमला काडी उजवीकडून येते. 38 ला खाचेच्या तोंडाशी पोचते. 70 पर्यंत खाली उतरून एका बाजूला सरकते. 70 ते 100 हात स्थिर. 100 नंतर हात डावीकडे वळतो, 126 ला शॉट संपतो. नोंदी फक्त याच जागी. मध्ये 12 पिक्सेलची चूक असली तरी ती तीस-चाळीस फ्रेमवर पसरते आणि डोळ्याला लागत नाही.

त्याआधी बाणाचं चित्रच बदललं. थर फिरवला किंवा लहानमोठा केला की तो स्वतःच्या मध्याभोवती फिरतो. माझ्या बाणाचा मध्य दांड्यात होता, त्यामुळे बाण थोडा तिरका केला की टोक सालीवरून उडायचं आणि परत सरकवावा लागायचा. मी बाणाचं नवीन पारदर्शक चित्र केलं, ज्यात टोक बरोबर मध्यभागी आणि पुढची अर्धी बाजू रिकामी. आता बाण कितीही फिरवा, टोक जागेवर राहतं. सरकवतानाही टोकावर बोट ठेवायचं नाही, शेपटीला धरून ओढायचं, म्हणजे साल आणि टोक दोन्ही दिसत राहतात. दोन बोटांनी मोठा करायला गेलं की तो एक-दोन अंश फिरतोच, म्हणून आकार आधीच ठरवून टाकला आणि नंतर त्याला दोन बोटं लावलीच नाहीत. थर निवडायचा तोही टाइमलाइनवरून. चित्रावर टॅप केलं की वरचा थर हाती येतो आणि एकदा मी बाण समजून अक्षरं सरकवून बसलो होतो.

0, 38, 70 आणि 126 अशा नोंदी केल्या. मग स्थिर राहण्यासाठी रेघ 100 वर आणून, बाणाला हात न लावता कीफ्रेमचं बटण दाबलं. झालं असं वाटलं. व्हिडिओ मामांना दाखवला.

मामांनी दोनदा पाहिला आणि म्हणाले, "बाण सालीवर नाय रे, माझ्या बोटावर हाय."

"मामा, तुम्ही जोड धरलाय तिथंच तर ठेवलाय."

"पयला ठेवलायस. मग तो घसरतो. मी जोड धरून ठेवलाय आणि तुझा बाण चाललाय पट्टी आणायला."

ते बरोबर होते. 70 ते 100 मध्ये हात स्थिर होता आणि बाण हळूहळू डावीकडे वाहत होता. कारण शोधायला मला वेळ लागला. कीफ्रेमचं बटण हात न लावता दाबलं की बाण त्या फ्रेमला जिथे दिसतो तिथली नोंद होते. पण 126 ची नोंद आधीच केलेली असल्यामुळे 100 व्या फ्रेमला बाण 70 च्या जागी नव्हताच. 70 ते 126 या 56 फ्रेमपैकी 30 उलटल्या होत्या, म्हणजे तो निम्म्याहून जास्त वाटचाल करून गेला होता. दोन जागांमध्ये 200 पिक्सेलचं अंतर, तर 100 ला तो 107 पिक्सेल सरकलेला. माझ्या बटणाने त्या घसरलेल्या जागेवर शिक्का मारला, बस्स.

बोटाने 100 चा बाण परत 70 च्या जागी आणून पाहिला. तो 12 पिक्सेल चुकला, आणि स्थिर हातावर एका सेकंदात 12 पिक्सेल सरकणारा बाण गोगलगायीसारखा दिसतो. चालत्या हातावर जी चूक खपते ती थांबलेल्या हातावर खपत नाही. मग योग्य क्रम सापडला. 126 आणि 100 दोन्ही नोंदी पुसल्या. आता शेवटची नोंद 70 ची, तिच्यापुढे बाण जिथल्या तिथे उभा. रेघ 100 वर नेली, बाणाला न शिवता नोंद केली, दोन्ही जागा पिक्सेलला पिक्सेल सारख्या. त्यानंतर 126 वर जाऊन बाण नव्याने ठेवला. थांबण्याची नोंद पुढच्या हालचालीची नोंद करण्याआधी करायची, एवढंच ते होतं. काही अ‍ॅपमध्ये नोंदीची नक्कल करून पुढे चिकटवता येते, तिथे हा खटाटोप वाचतो.

मग प्रत्येक जोडीच्या मध्यावर बाण बघितला. 0 आणि 38 मध्ये, 19 व्या फ्रेमला, टोक सालीपासून बाणाच्या जाडीपेक्षा जास्त लांब होतं, कारण हात सरळ न येता कमानीत येतो. तिथे एक नोंद वाढवली. बाकी मध्ये चूक बाणाच्या जाडीच्या आत होती, तिथे हात लावला नाही. एकूण 6 कीफ्रेम.

एकाच वेळी सगळं चुकलं तेव्हा

तिसऱ्या संध्याकाळी मामा म्हणाले, आधीचा शॉट जरा लांबतोय. मी त्यातून 12 फ्रेम काढल्या. मुख्य पट्टीवरचं पुढचं सगळं आपोआप डावीकडे सरकलं. माझा बाण मात्र जिथल्या तिथे राहिला. चालवून बघितलं तर सहाच्या सहा नोंदी चुकलेल्या. पहिला विचार आला, सगळं परत करावं लागणार.

थांबून नीट पाहिल्यावर चूक वेगळ्या जातीची दिसली. हात वेगात असताना बाण खूप मागे आणि हात स्थिर झाल्यावर थोड्या वेळाने बाण बरोबर सालीवर येऊन टेकायचा. वाट बरोबर होती, फक्त उशिरा. जागेची चूक असती तर हात थांबला असतानाही बाण लांबच राहिला असता. वेळेची चूक असली की कीफ्रेमना हात लावायचा नाही, अख्खा थर सरकवायचा. तो टोकाने नव्हे तर मधून धरायचा, नाहीतर लांबी बदलते आणि कडेची नोंद गळून जाते. मी रेघ शॉटच्या पहिल्या फ्रेमवर आणली आणि बाणाचा थर डावीकडे ओढत नेला. त्याचं टोक रेघेला चुंबकासारखं चिकटलं आणि 12 फ्रेमचा फरक एका ओढण्यात भरून निघाला. अक्षरं आणि गोल चित्र हेही तसेच. खरं तर मुख्य पट्टीची कापाकापी पूर्ण ठरल्याशिवाय थर टाकायलाच नको होते, पण मामांना पूर्ण झालेलं दाखवल्याशिवाय त्यांचं मत कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळीही हे होणारच.

1080 बाय 1920, सेकंदाला 30 फ्रेम असा एक्स्पोर्ट केला. तोवर फोन इतका तापला होता की त्याने स्क्रीनचा उजेड आपोआप कमी केला आणि मला साल काळपट वाटायला लागली. रंगाला हात न लावता फोन अर्धा तास बाजूला ठेवला. थंड झाल्यावर रंग होता तसाच, बरा होता.

मामांनी आपल्या फोनवर पाहिला. सालीपाशी थांबवला, परत मागे नेला, परत पाहिला आणि मान हलवली. मग शेवटाला आले आणि हसायला लागले. लांबच्या शॉटमध्ये त्यांनी पट्टी खालून वर गुंडाळली होती. जवळच्या शॉटमध्ये, दुसऱ्या काडीवर, माझ्या कॅमेऱ्याला जागा द्यायला वाकडं बसल्यामुळे वरून खाली. मी तो कट तीन फ्रेम मागेपुढे करत इतका गुळगुळीत केला होता की पट्टी चालता चालता उलटी फिरते हे मला दिसलंच नव्हतं. तेवढे पाच सेकंद मंगळवारी परत शूट केले.